काकांनी ६० स्कॅन पाठवले, सोबत फक्त "नीट लाव"

प्रश्न: काकांनी जमिनीच्या कागदांचे ६० स्कॅन ड्राइव्हवर टाकलेत आणि म्हणतात "हे नीट लाव", बाकी काहीच सांगितलं नाही. ग्रुप कसे करू?

उत्तर: आधी काकांना एकच विचारा, हे कशासाठी लागणारय? वाटणी किंवा विक्री असेल तर कागदाच्या प्रकाराप्रमाणे नका लावू, जमिनीच्या गट नंबरप्रमाणे लावा, कारण सगळे सातबारे एकीकडे आणि सगळी खरेदीखतं दुसरीकडे ठेवली तर एका शेताची गोष्ट सलग वाचताच येत नाही. उत्तर नाही आलं तरी गटच धरा.

मूळ फोल्डरला हात न लावता कॉपी करा आणि प्रत्येक गटाचा ताजा सातबारा आधी काढा. त्यावर नावांजवळ फेरफार नंबर असतात, त्यावरून फेरफार आणि मग त्यातलं खरेदीखत किंवा वारसाची नोंद जुळवत जा. नाव असं द्या, वर्ष पुढे असलं की आपोआप क्रमाने लागतं:

```
1987_गट-112_फेरफार-845.pdf
```

जुन्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, गट नंबर नाही, म्हणून तेच शेत दोन फोल्डरमध्ये जातं. एकत्रीकरणाचा फेरफार किंवा जबाब बघून जुळवा, अंदाजाने नको. आठ अ मात्र खातेदाराचा असतो, त्यात गावातले त्याचे सगळे गट येतात, तो "खाते" नावाने वेगळा ठेवा.

खरेदीखताची पानं सुटी स्कॅन झालेली असतात, दस्त क्रमांक आणि पान नंबर बघूनच जोडा. न वाचता येणारे "काकांना विचारायचे" मध्ये टाका, डिलीट काहीच करू नका, डुप्लिकेट वाटलं तरी, एखाद्यावर मागच्या बाजूचा शिक्का असतो.