ग्रूच्या प्लॅनमधली तिसरी पायरी
चार चौकटींच्या ‘ग्रूचा प्लॅन’ मीममध्ये तिसऱ्या चौकटीलाच हसू का येतं?

कारण तिथे आपल्याला घोळ कळलेला असतो, पण ग्रूला अजून नाही. ‘डिस्पिकेबल मी’ (2010) या ॲनिमेशनपटातला हा ग्रू फळ्यावरचा बेत ऐटीत समजावतो. समजा, पहिला कागद: फोन लांब ठेवून गजर लावायचा. दुसरा: तो बंद करायला उठावंच लागेल. तिसरा: गजर बंद करून पुन्हा झोपायचं. चौथ्या चौकटीत मजकूर तोच असतो, फक्त ग्रू वळून तो वाचतो आणि चेहरा पडतो.

म्हणजे नवी माहिती सगळी तिसऱ्यात, चौथ्यात नुसती नजर. त्या मधल्या क्षणभरात तो अजूनही छाती पुढे काढून बोलतोय, हीच खरी गंमत. म्हणून तिसरी ओळ पहिल्या दोघींच्याच सुरात हवी. तिथे ‘अरेच्चा!’ लिहिलंत की मजा गेली, कारण तो शब्द ग्रूच्या चेहऱ्याचा आहे.

शिवाय घोळ त्याच्याच बेतातून निघायला हवा. तिसऱ्यात ‘वीज गेली’ लिहिलं तर ते नुसतं दुर्दैव झालं. त्यात ग्रूची फजिती कुठाय? बरेच मीम इथेच फसतात.