रोज संध्याकाळी नेट रखडतं, तक्रारीचं पत्र कसं लिहू?

"१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दिवसा ठीक चालतं, पण रात्री आठनंतर व्हिडिओ सारखा फिरत बसतो. फोन केला की राउटर बंद-चालू करा म्हणतात. लेखी तक्रारीत काय लिहावं?"

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. मी पहिलं पत्र "नेट फार स्लो आहे" एवढंच लिहून पाठवलं आणि उत्तर आलं, "तुमच्या वायफायची अडचण आहे." त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण मी सगळ्या चाचण्या बेडरूममध्ये मोबाइलवर घेतल्या होत्या.

मग लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला, टीव्ही आणि घरातले फोन वायफायवरून काढले आणि आठवडाभर रोज दोनदा मोजलं, सकाळी सात वाजता आणि रात्री सव्वानऊला. केबल तीच, लॅपटॉप तोच. सकाळी ९० च्या वर आणि रात्री १२-१५ येत असेल, तर दोष घरात नाही. एकाच लाइनवर बरीच घरं असतात आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की ती भरते.

एक गोम आहे. स्पीड टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बऱ्याचदा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो. तिथे रात्रीही ८८ दिसू शकतात, इकडे व्हिडिओ मात्र अडकलेला. म्हणून सर्व्हर बदलून दुसऱ्या शहरातलाही घेऊन बघा. दोन्ही आकडे नोंदवा. जवळचा चांगला आणि बाहेरचा वाईट असेल, तर कंपनीची बाहेर जाणारी लाइन अपुरी पडतेय.

पत्रातला मुख्य भाग मी असा लिहिला होता:

"ग्राहक क्रमांक ..., प्लॅन १०० एमबीपीएस. ३ ते ९ जून दरम्यान लॅन केबलवर, इतर उपकरणं बंद ठेवून चाचण्या घेतल्या. ३ जून: सकाळी ७ वा. ९४, रात्री ९.१५ वा. १३. ५ जून: सकाळी ९२, रात्री ११. सर्व नोंदी आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. राउटर बंद-चालू करून पाहिला आहे, फरक नाही. संध्याकाळच्या वेळेतील लाइनचा भार तपासून लेखी उत्तर द्यावे."

राउटरचं वाक्य गाळू नका, नाहीतर पुन्हा तेच ऐकवतील. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसली पाहिजे. 'अप टू' या शब्दामागे कंपनी लपते, म्हणून "१०० का मिळत नाही" असं भांडू नका. "सकाळी मिळतं ते रात्री का नाही", एवढंच विचारा.

तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार ते कंपन्यांना ठेवावं लागतं आणि अपिलाला पैसे पडत नाहीत. माझ्याकडे अपिलाची वेळ आली नाही. पत्रानंतर लाइनमन आला, बाहेरच्या डब्यापाशी उभा राहून म्हणाला, "काका, या लाइनवर कनेक्शनं जास्त झालीत." पुढच्या आठवड्यात आमची दुसऱ्या लाइनवर बदली केली. आता रात्री ७०-८० येतात.