सकाळी स्टार्ट करताना एसी बेल्टचा आवाज

प्रश्न: गाडी स्टार्ट केली की एसीच्या बेल्टकडून चिरकल्यासारखा, कधी घरघर आवाज येतो. बेल्ट बदलू का?

उत्तर: लगेच बदलू नका, आधी एसी बंद ठेवून स्टार्ट करा. आवाज फक्त एसी लावल्यावरच, तोही चिरका येत असेल तर बहुतेक बेल्ट घसरतोय, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग ढिली झालीय किंवा बेल्ट गुळगुळीत झालाय, कारण कॉम्प्रेसरला त्याच्या पुलीशी जोडणारा क्लच लागला की कॉम्प्रेसरचा लोड एकदम बेल्टवर येतो. पण एसी बंद असतानाही घरघर येतेय तर बेअरिंग बघा, कारण क्लच सुटलेला असला तरी कॉम्प्रेसरची पुली इंजिनसोबत फिरतच असते, आणि तिच्यातलं बेअरिंग गेलं की असाच आवाज येतो, लोक मात्र उगाच अख्खा कॉम्प्रेसर बदलतात.

खात्री करायची तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर बेल्ट काढा आणि टेन्शनरची, बेल्टला नुसती दिशा देणाऱ्या आयडलरची, कॉम्प्रेसरची पुली एकेक करून हाताने फिरवा. जी खरखरते किंवा हलवली की डुगडुगते तीच चोर. नुसतं कॉम्प्रेसरच्या पुलीतलं बेअरिंग बऱ्याच गाड्यांत गॅस न काढता बदलता येतं. फार दिवस ढकलू नका, बेअरिंग जाम झालं की बेल्ट तुटतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर असेल तर चार्जिंगपण जातं.