साधा व्हिडिओ एचडीआर केला की चेहरे का चकाकतात? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: भावाच्या लग्नाचा जुना एचडी व्हिडिओ एका कन्व्हर्टरमधून एचडीआर करून घेतला. टीव्हीवर एचडीआरची पाटी येते, पण सगळ्यांचे चेहरे तेल चोपडल्यासारखे चकाकतात आणि नवऱ्यामुलाचा पांढरा कुर्ता डोळ्यात घुसतो. टीव्ही बिघडलाय की कन्व्हर्टर?

टीव्हीला काही झालेलं नाही. कन्व्हर्टरने सगळ्यात सोपा रस्ता धरलाय, सगळं चित्र एका आकड्याने गुणलंय.

आकडे घालून बघू. साधा म्हणजे एसडीआर व्हिडिओ बनतो तेव्हा त्यातला सगळ्यात पांढरा पांढरा १०० निट्सचा धरतात, निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. ८-बिट फाइलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो आणि मधले आकडे २.४ गॅमाने उजेडात बदलतात. आता तुमच्या लग्नातली एक फ्रेम घ्या. चेहऱ्याचा उजळ भाग १७० वर असेल तर तो झाला साधारण ४३ निट्स, कुर्ता २१५ वर म्हणजे ७९ निट्स, आणि मागचा हॅलोजन २३५ ला जाऊन आपटलेला, म्हणजे १००. याला सरळ दहाने गुणलं की चेहरा ४३०, कुर्ता ७९०, हॅलोजन १०००.

हीच फ्रेम मुळात एचडीआरमध्ये शूट झाली असती तर चेहरा ८५-९० च्या आसपास राहिला असता, कुर्ता १६० आणि हॅलोजन एकटाच १००० ला गेला असता. कारण आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी.२४०८ अहवालात एचडीआरमधला कागदी पांढरा २०३ निट्स धरलाय, म्हणजे एसडीआरच्या जेमतेम दुप्पट, आणि त्याच्या वरची सगळी जागा दिवे, ज्वाळा, धातूवरची चमक यांच्यासाठी मोकळी ठेवलीय. तुमच्या फाइलमध्ये हॅलोजन कुर्त्याच्या फक्त सव्वापट उजळ आहे, दहाने गुणल्यावरही सव्वापटच राहतो, खऱ्या एचडीआरमध्ये तो सहापट असता. डोळ्याला एचडीआर वाटतं ते या फरकामुळे, नुसता उजेड वाढला तर टीव्हीचा ब्राइटनेस वाढवल्यासारखंच दिसणार. आणि ४३० निट्सचा चेहरा मेंदूला पटत नाही, बाजूचा दिवा त्यामानाने इतका मंद असताना कातडी इतकी उजळ कशी, म्हणून ती प्लास्टिकची किंवा तेलकट वाटते. त्यात ओएलईडी असेल तर मंडपभर पांढरा कपडा ८०० निट्सवर दाखवायची त्याची ताकद नसते, तो अख्खं चित्रच खाली ओढतो आणि कॅमेरा फिरला की उजेड वरखाली होताना दिसतो.

प्रश्न: मग चेहरे तसेच ठेवून फक्त वरचा उजळ भाग ताणला तर झालंच की? एवढं सोपं असेल तर लोक का करत नाहीत?

करतात, आणि बरेचसे चांगले कन्व्हर्टर हेच करतात. खालचा भाग दुप्पट, आणि ७० निट्सच्या वर गेलं की वक्र झपकन वर. पण इथे दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली पायऱ्यांची. ७० ते १०० निट्स हा पट्टा ८-बिट फाइलमध्ये २०५ ते २३५ या आकड्यांत बसतो, म्हणजे मोजून ३० पायऱ्या. मूळ चित्रात एका पायरीचा फरक एक-सव्वा टक्का, डोळ्याला जेमतेम कळेल न कळेल असा. आता तोच पट्टा १४० ते १००० निट्सवर पसरला तर प्रत्येक पायरी सरासरी साडेसहा टक्क्यांची होते, आणि ते स्पष्ट दिसतं, संध्याकाळच्या आकाशात सूर्याभोवती नकाशातल्या कंटूरसारखी वर्तुळं उमटतात. पीक्यू म्हणजे एचडीआरचा आकड्यांवरून उजेड ठरवायचा नियम, तो वापरणाऱ्या खऱ्या १०-बिट फाइलमध्ये याच पट्ट्यासाठी १८० च्या आसपास पायऱ्या असतात. आपल्याकडे ३० आहेत, फाइल १०-बिटमध्ये सेव्ह केली म्हणून त्या वाढत नाहीत. शिवाय कॉम्प्रेशनचे चौकोनी ठोकळे आणि कडांजवळचा किड्यांसारखा वळवळणारा नॉइज हे सगळं एसडीआरमध्ये उजळ भागात लपलेलं असतं ते या ताणण्यात वर येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी डीबँड म्हणजे पायऱ्या पुसून काढणं आणि हलका डीनॉइज, मग ताण, आणि शेवटी थोडं ग्रेन. उलट्या क्रमाने केलं तर डीबँड फिल्टरला त्या मोठ्या पायऱ्या खऱ्या कडा वाटतात आणि तो त्यांना हात लावत नाही.

दुसरी गोष्ट कडांची. नुसता वक्र न लावता बरीच टूल्स उजळ भागाचा एक नकाशा बनवतात, तो ब्लर करतात आणि त्याप्रमाणे उजेड वाढवतात, ही कल्पना २००६-०७ च्या रिसर्चमधली, बांतेर्ले आणि रेम्पेल यांच्या पेपरांमधली. ब्लर केला की पायऱ्या कमी दिसतात हा फायदा. पण खिडकीसमोर माणूस उभा असेल तर तो ब्लर खिडकीतून त्याच्या केसांवर सांडतो आणि डोक्याभोवती देवाच्या फोटोसारखं तेजोवलय तयार होतं. रेम्पेलच्या पद्धतीत ब्लर कडेला थांबवायची सोय आहे, तरी केसांसारख्या बारीक कडेला तीही कमी पडते.

प्रश्न: दिवाळीच्या व्हिडिओत पणतीची ज्योत पिवळसर होती, एचडीआर केल्यावर लालभडक झाली. रंग तर मी बदललाच नव्हता!

तुम्ही नाही, वक्राने बदलला. ज्योतीचा पिक्सेल समजा लाल २३५, हिरवा २०५, निळा ११० असा आहे. उजेडात बदलल्यावर लाल १००, हिरवा ७०, निळा १३ च्या आसपास. कन्व्हर्टरने वरचाच वक्र तिन्ही चॅनलना वेगवेगळा लावला तर लाल जातो १००० ला, हिरवा राहतो १४० ला, निळा २६. म्हणजे लाल आधी हिरव्याच्या दीडपटसुद्धा नव्हता तो आता सातपट झाला, मग ज्योत लाल होणार नाही तर काय.

उपाय असा की पिक्सेलचा एकूण उजेड काढायचा, त्यावरून एकच गुणक ठरवायचा आणि तोच तिन्ही चॅनलना लावायचा, म्हणजे रंगाचं प्रमाण मोडत नाही. तुमच्या टूलमध्ये ल्युमिनन्सवर चालणारा पर्याय असेल तर तो घ्या आणि वेगळं सॅच्युरेशन वाढवायचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवा, माझ्या मते त्या बटणाने आजवर कुणाचं भलं केलेलं नाही. एक गोष्ट मात्र तरीही राहते, कॅमेऱ्यात लाल चॅनल आधीच २३५ ला कापला गेलेला असल्यामुळे ज्योतीचा रंग मुळातच खऱ्यापेक्षा जास्त पिवळा नोंदवला गेलाय, तो दुरुस्त करणं कुठल्याच वक्राच्या हातात नाही.

प्रश्न: मी एफएफएमपेगने फक्त फाइलचे टॅग पीक्यू आणि बीटी.२०२० केले. एचडीआर सुरू होतं पण चित्र भयानक दिसतं. असं चालत नाही का?

नाही हो, हे रूपांतरच नाही. आकडे तेच ठेवून टीव्हीला सांगितलं की हे पीक्यूमध्ये वाच. पीक्यूमध्ये सगळ्यात वरचा आकडा म्हणजे १०,००० निट्स, आणि आपला मघाचा १७० वरचा चेहरा त्या हिशेबात ६०० निट्सच्या वर जातो, शिवाय एसडीआरच्या छोट्या रंगपट्ट्याचे आकडे बीटी.२०२० च्या मोठ्या रंगपट्ट्यात वाचले गेल्याने गवत आणि साड्या अंगावर येतात. आधी आकडे खरोखर बदलावे लागतात:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "zscale=pin=709:tin=709:min=709:rin=limited:p=2020:t=smpte2084:m=2020_ncl:r=limited:npl=203,format=yuv420p10le" -c:v libx265 -x265-params "colorprim=bt2020:transfer=smpte2084:colormatrix=bt2020nc" out.mkv
```

यात `npl=203` म्हणजे एसडीआरचा पांढरा २०३ निट्सवर बसव. हे काहीच ताणत नाही, फक्त एसडीआर चित्र एचडीआरच्या डब्यात नीट ठेवतं, त्यामुळे ते एचडीआर असल्याचं फार कुणाला जाणवणारही नाही. पण चेहरे शाबूत राहतात. ताणायचं असेल तर इथून पुढे थोडं थोडं ताणा, आणि मूळ चित्र शेजारी ठेवूनच बघा.

प्रश्न: आमच्या क्लिपमध्ये खाली पांढरे सबटायटल आहेत. ते आले की अख्खं चित्र हलकं मंद होतं आणि गेले की पुन्हा उजळतं. हे कशामुळे?

तुमचं टूल प्रत्येक फ्रेमचा वेगळा हिशेब करतंय. सबटायटल आलं की फ्रेममध्ये २३५ वाले पिक्सेल वाढले, टूलला वाटलं चित्र आधीच उजळ आहे, त्याने ताण कमी केला. बाइकचा हेडलाइट समोरून गेला तरी हेच होतं. शॉट बदलतो तिथेच हिशेब बदलू दे आणि शॉटच्या आत तो स्थिर ठेव अशी सेटिंग बऱ्याच टूल्समध्ये असते, टेम्पोरल स्मूदिंग किंवा सीन डिटेक्शन या नावाने. आणि सबटायटल, चॅनलचा लोगो, स्कोअरबोर्ड हे चित्रातच पक्के छापलेले असतील तर त्या जागेला मास्क लावून २०० निट्सवरच अडवा, टूलच्या दृष्टीने पांढरं अक्षर आणि हॅलोजन सारखेच, दोघेही २३५.

प्रश्न: मशीन लर्निंगवाली टूल्स जळून पांढरं झालेलं आकाशसुद्धा परत आणतात म्हणे. पैसे घालावेत का?

परत आणत नाहीत, नवीन काढतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तिन्ही चॅनल २३५ ला कापले गेले असतील तर ढग फाइलमध्ये नाहीतच. २०१७ मध्ये आयलर्टसेन आणि सहकाऱ्यांनी केलेलं नेटवर्क असंच आहे, ते फक्त जळालेल्या भागात अंदाज भरतं आणि बाकीचं चित्र बऱ्यापैकी जसंच्या तसं ठेवतं, ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. दिव्याची, सूर्याची छोटी ठिपकी ते छान ओळखतं. अर्धं आकाश जळालेलं असेल तर मात्र मधोमध एक पिठूळ, सपाट उजेड येतो, आणि सुट्या फोटोंवर शिकलेलं नेटवर्क व्हिडिओवर फ्रेमगणिक चालवलं तर तो उजेड हलतो.

पैसे घालण्याआधी फुटेज बघा. रात्रीचे, छोट्या दिव्यांचे, नीट एक्स्पोज केलेले शॉट कुठल्याही बऱ्या टूलने खुलतात. भर उन्हातले, फोनवर ऑटो एक्स्पोजरने घेतलेले, आकाश पांढरं झालेले शॉट जेवढे जास्त ताणाल तेवढे वाईट होतात. २००७ मध्ये अक्यूझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दाखवून बघितलं तेव्हा चांगल्या चित्रांना साधं सरळ गुणणंच पुरलं होतं, मग २००९ मध्ये मासिया आणि सहकाऱ्यांनी एक्स्पोजर वाढवत नेऊन तपासलं तर जास्त उजळ चित्रांवर ताणण्याच्या पद्धती घसरत गेल्या, आणि तिथे उलट चित्र थोडं गडद करणारा गॅमा बरा ठरला. तुमच्या टूलमध्ये पीकची सेटिंग १००० वर असेल तर अशा शॉटना ती ४०० वर आणा, आणि अर्धं आकाश पांढरं असेल तर तो शॉट वरच्या कमांडने २०३ वर ठेवून सोडून द्या.