पहिल्या ३० दिवसांचा प्लॅन : आधी ॲक्सेस, मग बाकीचं

अरे, तुझ्या टीममध्ये नवीन डेव्हलपर मुलगी रिमोट जॉईन होतेय ना, तर तिच्यासाठी तीस दिवसांचं एक्सेल भरत बसण्याआधी ॲक्सेसचं बघ. आमच्याकडे साताऱ्याहून रिमोट जॉईन झालेली एक मुलगी सोमवारी लॅपटॉप उघडून बसली आणि व्हीपीएनचं अप्रूव्हल आलं गुरुवारी, कारण अप्रूव्ह करणारा बर्लिनला, पुण्यात दुपार होते तेव्हा कुठे तो लॉगिन करतो. बिचारी चार दिवस नुसते व्हिडिओ बघत होती, मला अजून वाईट वाटतं. म्हणून रेपो, व्हीपीएन, स्टेजिंग सगळ्याची तिकिटं जॉइनिंगच्या आठवडाभर आधी टाक.

पहिल्या दिवशी एवढंच, कोड तुझ्या नवीन डेव्हलपरच्या मशीनवर चालला पाहिजे. README बघून सेटअप करताना जिथे अडेल तिथलीच दुरुस्ती हा पहिला पीआर, तिसऱ्या दिवसापर्यंत मर्ज. बडी पुण्याच्याच वेळेतला दे, दोन आठवडे रोज अर्धा तास कॉल. मग हळूहळू मोठी तिकिटं, तिसाव्या दिवसापर्यंत एक छोटं फीचर तिने स्वतः डिप्लॉय करावं.

आणि टीम चॅनलवर दोन दिवस तिचा एकही प्रश्न नाही म्हणजे सगळं नीट चाललंय असं समजू नकोस, बहुतेक वेळा ती अडकलेली असते, तू स्वतः फोन कर आणि स्क्रीन शेअर करायला सांग.