महापुरानंतर परत आलेली नोंद

प्रश्न: युजरने डेटा डिलीट करायला सांगितला, आम्ही केला. पण डेटाबेस, लॉग, बॅकअप, सर्च सगळीकडून तो खरंच गेला हे तपासायचं कसं?

आधी बॅकअप बघा. माझा हात तिथेच पोळलाय.

सांगलीतल्या एका लॅबचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. ऑगस्ट 2019 मध्ये एका ताईंनी स्वतःची सगळी माहिती काढायला सांगितली. त्यांचा रिपोर्ट नात्यातल्या कुणाच्या तरी हाती लागला होता. मी काढली, `DELETE 1` दिसलं, तसं त्यांना कळवलं. त्याच आठवड्यात कृष्णेचं पाणी लॅबमध्ये शिरलं आणि सर्व्हर गेला. बाहेर ठेवलेला बॅकअप डिलीटच्या आधीचा होता, तोच चढवला. दिवाळीच्या सुमारास ताईंना मेसेज गेला, ‘शुगर तपासणीची वेळ झाली.’ त्या लॅबमध्ये येऊन एवढंच म्हणाल्या, “काढली म्हणालात ना, दादा?”

माझा भागीदार म्हणाला, पुराला कोण काय करणार. मला ते तेव्हाही पटलं नाही. डिलीट केलेल्यांची यादी आम्ही त्याच डेटाबेसमध्ये ठेवली होती, त्यामुळे बॅकअपबरोबर तीही मागे गेली. कुणाला पुन्हा काढायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती यादी वेगळ्या जागी हवी, त्यात नाव-नंबर नको, फक्त आयडी. तोही यूयूआयडी. क्रमाने वाढणारा नंबर बॅकअपबरोबर मागे जातो आणि तोच नव्या पेशंटला मिळतो. मग यादी चालवली की भलत्याचीच नोंद उडते.

आता तपासणी. एक खोटा पेशंट तयार करा, मजकूर चालतो त्या प्रत्येक रकान्यात `khun7731` असा कुठेच नसलेला शब्द घाला, त्याला बुकिंगपासून तक्रारीपर्यंत सगळीकडून फिरवा, बॅकअप होऊ द्या. मग डिलीट करण्याआधी शोधा:

```
zgrep -l khun7731 /var/log/app/*
curl 'localhost:9200/_all/_search?q=khun7731'
pg_restore -f - ratra.dump | grep -c khun7731
```

आधी सापडलाच नाही, तर नंतर न सापडण्याला काही अर्थ नाही. मग युजर वापरतो त्याच बटणाने डिलीट करा, नवा बॅकअप होऊ द्या आणि त्यात पुन्हा शोधा, लॉग आणि सर्चमध्येही. सर्चमध्ये `_all` मुद्दाम लिहिलंय. आमचं अ‍ॅप नव्या इंडेक्सवर गेलं होतं, पण जुना तसाच पडून होता आणि त्यात सगळे पेशंट होते. शेवटी जुना बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून यादी चालवा आणि तिथेही शोधा.

एक राहिलं. जुन्या बॅकअप फायलींमध्ये शब्द सापडणारच. एकेक माणूस त्यातून काढत बसणं व्यवहारात जमत नाही. त्या किती दिवसांनी पुसल्या जातात ते युजरला आधीच सांगा. बिलं कायद्याने ठेवावी लागतात, तेही सांगा. आम्ही ताईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. भागीदार अजून म्हणतो, पूर आला नसता तर काही झालं नसतं. डिस्क गेली असती तरी हेच झालं असतं.