व्यवहारतोल आणि 'नावे' लिहिणं

प्रश्न: टीव्हीवर म्हणतात "देशाचा व्यवहारतोल तुटीत गेला", आमचे सर म्हणतात तो नेहमी शून्यच असतो. मग शब्द कोणता बरोबर?

सर बरोबर आहेत भाऊ. व्यवहारतोल म्हणजे देशाच्या परदेशाशी झालेल्या सगळ्या व्यवहारांचा हिशोब. तूट माल, सेवा आणि उत्पन्नाच्या चालू खात्यात येते, नाहीतर व्यापारतोलात, म्हणजे नुसत्या मालाच्या आयात-निर्यातीच्या फरकात येते. बातम्यावाले तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरून राहिले, ते ऐकून डोकं फिरतं.

या हिशोबात प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, एक जमा म्हणजे अधिक, दुसरी नावे म्हणजे उणे. पण खरी गंमत 'नावे' या शब्दात आहे. जमा अरबीतून आला, गोळा होणं. नावे मात्र आपल्या नावाचंच रूप, ज्याच्याकडून पैसे येणे आहेत त्याच्या नावावर रक्कम लिहायची. "नावे म्हणजे गेलेला पैसा" असं सर्रास शिकवतात ते मला साफ नामंजूर आहे, कारण तिथंच पोरं अडकतात.

समजा हिंगणघाटच्या व्यापाऱ्यानं बांगलादेशला 40 हजार डॉलरच्या कापसाच्या गाठी विकल्या. निर्यात चालू खात्यात जमा, 40 हजार. ते डॉलर आपल्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यात पडले, म्हणजे तिथली बँक आपलं देणं लागते, म्हणून कर्ज, ठेवी, गुंतवणूक यांच्या भांडवली खात्यात तिच्या नावे 40 हजार. पैसा आला तरी नोंद उणे, पोरं इथंच गडबडतात, पण कोणाच्या नावे ते विचारलं की लगेच उलगडतं.

आता कॅनडातून 25 हजारांचं पोटॅश उधारीवर आणलं. आयात चालू खात्यात नावे 25, आणि ज्याचं देणं बाकी राहिलं त्या कॅनडावाल्याचं भांडवली खात्यात जमा 25. एक डॉलरही हलला नाही तरी दोन नोंदी झाल्याच. चालू खातं अधिक 15, भांडवली उणे 15, बेरीज शून्य. घेतलेल्या मालाचे पैसे आज तरी द्यावे लागतात, नाहीतर देणं तरी उरतं, तिसरा रस्ताच नाही, म्हणून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू लिहिल्या की बेरीज शून्यच येणार.

(आपल्याकडे भांडवली खातं असं ढोबळ म्हणतात, नाणेनिधीच्या 2009 च्या सहाव्या नियमपुस्तिकेत यातला बहुतेक भाग 'वित्तीय खातं' म्हणून वेगळा आहे.)

प्रत्यक्षात मात्र दोन्ही नोंदी एकाच माणसाकडून येत नाहीत, मालाची कस्टमकडून येते आणि पैशाची बँकांकडून, तीही वेगळ्या तारखेला. गाठी मार्चमध्ये गेल्या, पैसे मेमध्ये आले आणि मधल्या उधारीची नोंद सुटली, की बेरीज शून्य येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँक 'चुका आणि वगळ' अशी एक ओळ घालून जुळवते. ती ओळ कधी अधिक कधी उणे असेल तर ठीक, पण वर्षानुवर्षं एकाच बाजूला मोठी राहिली तर समजायचं की कोणतातरी पैसा नोंदीबाहेर येऊन-जाऊन राहिला.

1991 च्या संकटातही बेरीज शून्यच होती. चालू खात्यातली तूट भरायला परकीय गंगाजळी उपसली, नाणेनिधीचं कर्ज घेतलं आणि सोनं परदेशात गहाण ठेवून डॉलर उचलले. गंगाजळी बाजूला ठेवून बाकीची बेरीज केली तर उणे येते, तिला 'एकूण तूट' म्हणा, माझी हरकत नाही, फक्त ती कोणती ओळ सोडून काढली हे सोबत सांगा.